पत्ते पिसणाऱ्याला प्रमाणपत्र, पत्ते बघणाऱ्याचं काय?

मटक्यावर लिहिलेल्या पोस्टखाली एका वाचकाने प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर कमेंटमध्ये मावणारं नव्हतं. प्रश्न साधा होता: "मटक्याचं सोडा, तिथे सगळंच अंधारात. पण ऑनलाइन रमी आणि कॅसिनोच्या साइटवर खाली सर्टिफाईडचं सील असतं. बाहेरच्या लॅबने तपासलेलं असतं. मग लोक 'फसलो' असं का म्हणतात?"

मला वाटतं हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. मुंबईत आकडा सुरुवातीला लागायचा तो न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर. का? तर तो भाव काळबादेवीत बसलेल्या कुणालाही हलवता येत नव्हता म्हणून. १९६१ च्या सुमारास ते भाव येणं थांबलं आणि आकडा मुंबईतच काढायची वेळ आली. तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो हाच, की काढणार कोण आणि काढताना बघणार कोण? रतन खत्री चारचौघांसमोर पत्ते काढायचा, असं जुने लोक सांगतात, ते त्याचमुळे. लोकांचा विश्वास हेच त्या धंद्याचं भांडवल होतं.

इंटरनेटवर समोर बसून बघायची सोयच नाही. पत्ते कुठल्यातरी दूरच्या देशातल्या सर्व्हरवर पिसले जातात. म्हणून बघणाऱ्याच्या जागी लॅब आली. ती नेमकं काय बघते आणि काय बघत नाही, हे समजायला दोन जुनी प्रकरणं पुरेशी आहेत, एक १९९९ चं आणि एक २००७ चं. दोन्ही पोकरची आहेत. रमी खेळणाऱ्यांना ती समजायला अडचण येणार नाही.

आधी १९९९. प्लॅनेट पोकर ही खऱ्या पैशांनी ऑनलाइन पोकर खेळवणारी पहिली साइट, १९९८ मध्ये सुरू झालेली. तिचं सॉफ्टवेअर एएसएफ सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीचं होतं. लोकांना शंका होतीच, की पत्ते नीट पिसतात कशावरून? कंपनीने मोठ्या आत्मविश्वासाने पत्ते पिसण्याचा आपला प्रोग्रॅमच साइटवर छापून टाकला. म्हणजे घ्या, बघा, लपवण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या काही सुरक्षा-तज्ज्ञांनी तो वाचला आणि त्यांना एकामागे एक तीन खोटी सापडल्या.

पहिली खोट एका ओळीत होती:

```
random_number := random(51)+1;
```

यातून १ ते ५१ एवढेच आकडे येतात. ५२ कधीच येत नाही. प्रोग्रॅम काय करायचा, तर पहिल्या पत्त्यापासून बावन्नाव्यापर्यंत एकेक पत्ता घेऊन त्याची कुठल्यातरी जागेशी अदलाबदल करायचा. आता बावन्नावा पत्ता बघा. त्याच्या जागेवर आधी कुणी येत नाही, कारण ५२ हा आकडाच निघत नाही. शेवटच्या फेरीत मात्र तो पहिल्या एक्कावन्नांपैकी कुठेतरी जातोच. म्हणजे जोडातला शेवटचा पत्ता पिसल्यानंतर पुन्हा शेवटी येणं अशक्य. चूक एका आकड्याची, प्रोग्रॅमर लोक रोज करतात तशी.

दुसरी खोट जास्त मजेशीर आहे. समजा ५२ नाही, तीनच पत्ते आहेत आणि प्रत्येक पत्त्याची तिन्हीपैकी कुठल्याही जागेशी अदलाबदल करता येते. तीन फेऱ्या, दर फेरीत तीन पर्याय, म्हणजे एकूण २७ वाटा. पण तीन पत्ते लावायचे प्रकार फक्त सहा. २७ ला ६ ने नि:शेष भाग जात नाही. म्हणजे काही रचना ४ वाटांनी येणार आणि काही ५ वाटांनी. वरवर अगदी न्याय्य दिसणारी पद्धत, पण काही रचना जास्त वेळा पडणारच. बरोबर पद्धत अशी, की एकदा जागेवर बसवलेला पत्ता पुन्हा हलवायचा नाही, उरलेल्यांतूनच निवडायचा. पहिल्यांदा तीन पर्याय, मग दोन, मग एक. बरोबर सहा वाटा आणि सहा रचना. ही रीत फिशर आणि येट्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्येच छापून ठेवली होती.

तिसरी खोट मात्र जीवघेणी होती. कॉम्प्युटरला मनाने आकडा काढता येत नाही. एक सुरुवातीचा आकडा दिला, की त्यावरून तो पुढचे आकडे ठरलेल्या सूत्राने काढत जातो. या सुरुवातीच्या आकड्याला बियाणं म्हणू या, इंग्रजी शब्दाचा अर्थही तोच आहे. तेच बियाणं पेरलं, की तंतोतंत तेच पीक. ५२ पत्ते लावायचे प्रकार इतके आहेत, की तो आकडा लिहायला ६८ अंक लागतात. पण या प्रोग्रॅमचं बियाणं ३२ बिटांचं होतं, म्हणजे सुमारे ४२९ कोटीच शक्यता. तेही ठीक एक वेळ. पण ते बियाणं घेतलं कुठून, तर सर्व्हरच्या घड्याळातून: मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले तो आकडा. अख्ख्या दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. म्हणजे एका दिवसात जगातले तेवढेच जोड निघू शकतात, त्याबाहेरचा नाही.

त्यांनी आपलं घड्याळ अंदाजाने सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं. आता बियाणं शोधायचं ते फक्त तीन-सव्वातीन मिनिटांच्या पट्ट्यात, म्हणजे सुमारे दोन लाख शक्यतांत. पोकरमध्ये आपल्या हातातले दोन पत्ते आणि टेबलावर उघडलेले पहिले तीन, असे पाच पत्ते आपल्याला दिसतात. पाच पत्ते क्रमाने पडायचे प्रकार ३१ कोटींहून जास्त. तुमच्याकडे शक्यता दोनच लाख. त्यातली ज्या बियाण्याने हेच पाच पत्ते याच जागी पडतात, ती जवळपास नक्कीच एकच निघते. ती सापडली, की समोरच्या प्रत्येकाच्या हातात काय आहे आणि पुढे कुठला पत्ता उघडणार आहे, हे सगळं पडद्यावर. घरच्या साध्या कॉम्प्युटरवर, खेळ चालू असताना. त्यांनी सप्टेंबर १९९९ मध्ये हे जाहीर केलं आणि कंपनीला प्रोग्रॅम बदलावा लागला.

आता लॅबचं काम का आणि कसं, ते यावरून सांगणं सोपं जातं.

अशा खेळांची तपासणी करणाऱ्या लॅब तेव्हाही होत्या, पण त्या मुख्यतः कॅसिनोतल्या मशिनांसाठी. मेलबर्नची बीएमएम १९८१ ची, न्यू जर्सीची गेमिंग लॅबोरेटरीज इंटरनॅशनल म्हणजे जीएलआय १९८९ ची. ऑनलाइन खेळांवर भर देणाऱ्या नंतर आल्या. लंडनची ईकोग्रा २००३ मध्ये निघाली, तीही ऑनलाइन कॅसिनो धंद्यातल्याच कंपन्यांच्या पुढाकाराने. आपल्याकडच्या रमीवाल्यांच्या साइटवर ज्या आयटेक लॅब्सचं चिन्ह सर्रास दिसायचं, तीही मेलबर्नचीच.

लॅब काय करते? ती कंपनीकडून खेळाचा मूळ प्रोग्रॅम मागते, चालू खेळ नुसता बघून थांबत नाही. आधी आकडे काढणारा भाग, ज्याला आरएनजी म्हणतात, त्यातून प्रचंड संख्येने आकडे काढून घेते आणि त्यांवर संख्याशास्त्राच्या चाचण्या लावते. कुठला आकडा जास्त येतो का, एकामागून एक येण्यात काही ठेका आहे का, वगैरे. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज मार्सालिया यांनी १९९५ मध्ये दिलेला 'डायहार्ड' नावाचा चाचण्यांचा संच यासाठी फार वापरला गेला. मग त्या आकड्यांचे पत्ते कसे बनतात, ते वेगळं तपासते. पहिल्या दोन खोटी इथेच पकडल्या जातात. लाखभर वेळा पिसून शेवटचा पत्ता एकदाही शेवटी आला नाही, तर तक्ता ओरडून सांगतो.

पण तिसरी खोट अशी मोजून सापडेलच असं नाही, आणि मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घड्याळातून घेतलेल्या बियाण्याने निघालेले आकडे दिसायला अगदी छान विखुरलेले असू शकतात. चाचण्या पास होतात. पण ज्याला वेळ माहीत आहे, त्याच्यासाठी ते गुपित राहत नाही. आकडे विखुरलेले असणं वेगळं आणि ओळखता न येणं वेगळं. दुसरी गोष्ट प्रोग्रॅम वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून चांगली लॅब मूळ प्रोग्रॅम ओळ न ओळ बघते, बियाणं कुठून येतं ते विचारते, आणि नुसत्या आकड्यांच्या फाइलवर सही करत नाही. प्रमाणपत्रात "मूळ प्रोग्रॅम तपासला" असं लिहिलंय की नुसतं "आकड्यांचे नमुने तपासले" असं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे झालं, की लॅब त्या फाइलींचा हॅश काढून ठेवते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. म्हणजे प्रमाणपत्र मिळतं ते त्या ठशाच्या फाइलीला, त्या तारखेला. उद्या कंपनीने सुधारणा केली, की ती नवी फाइल. ती तपासायला पुन्हा पाठवली तर ठीक. पाठवली नाही, आणि सर्व्हरवरचा ठसा अधूनमधून जुळवून बघणारा सरकारी नियामकही नसला, तर सील जुन्या फाइलीचं आणि खेळ नव्या फाइलीवर. वेबसाइटवरच्या चित्राला यातलं काही कळत नाही, ते तिथेच असतं.

स्लॉट मशिनसारख्या खेळात लॅब आणखी एक गणित तपासते, ते परताव्याचं. ९६ टक्के परतावा म्हणजे दर फेरीला १० रुपये लावून हजार फेऱ्या खेळलात, तर लावलेल्या १० हजारांपैकी सरासरी ४०० रुपये घराचे. ९२ टक्के असेल तर ८००. गंमत अशी, की एकच खेळ, तेच चित्र, तेच संगीत, आणि बनवणारी कंपनी तो दोन-तीन वेगवेगळ्या परताव्यांत विकते. लॅबने प्रत्येक आवृत्ती तपासलेली असते. कागदावर ९२ लिहिलंय आणि मशिन ९२ देतंय, तर ते प्रमाणित. साइटने यातली कुठली लावली आहे, ते सील सांगत नाही. सर्टिफाईड म्हणजे आपल्याला जिंकायची बरी संधी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरा थांबून वाचावं. ठरलंय तेवढंच आणि ठरलंय तसंच तुम्ही हराल, एवढी ती हमी आहे.

आता २००७. इथे पत्ते पिसण्यात खोट नव्हतीच.

ॲब्सोल्यूट पोकर ही मोठी साइट. सप्टेंबर २००७ मध्ये तिथे हजार डॉलर प्रवेश-फीची स्पर्धा झाली आणि ती 'पॉटरिपर' नावाच्या खात्याने जिंकली. हा गडी असा काही खेळत होता, की समोरच्याकडे काही नसेल तेव्हा अचूक पैसे चढवायचा आणि भारी पत्ते असतील तेव्हा अचूक सोडायचा. शेवटच्या डावात तर हातात फक्त दश्शी असताना समोरच्याच्या सगळ्या पैशांना 'बघतो' म्हणाला आणि जिंकला. दुसऱ्या आलेल्या खेळाडूने कंपनीकडे स्पर्धेतल्या डावांची नोंद मागितली. सहसा खेळाडूला त्याला दिसले तेवढेच पत्ते नोंदीत मिळतात. त्याला मात्र कंपनीकडून एक भली मोठी एक्सेल फाइल आली. तीत सगळ्यांच्या हातातले पत्ते, आणि कोण कुठून जोडलं होतं, टेबल कोण नुसतं बघत बसलं होतं, हेसुद्धा.

खेळाडूंनी फोरमवर मिळून ती फाइल चाळली. दिसलं असं, की पॉटरिपरने पहिले दोन डाव सोडून दिले. तेवढ्यात ३६३ क्रमांकाचं एक खातं त्या टेबलावर प्रेक्षक म्हणून आलं, आणि तिथून पुढे याचा खेळ अचानक देवासारखा झाला. प्रेक्षक स्पर्धाभर याच्याच टेबलावर. खातं क्रमांक ३६३, म्हणजे साइटच्या अगदी सुरुवातीचं, घरातलं. मागचा माग कोस्टा रिकात, कंपनीच्याच माणसांपर्यंत गेला. कंपनीने आधी "असं होणं शक्यच नाही" म्हटलं आणि ऑक्टोबरमध्ये कबूल केलं, की आतल्याच माणसाला सगळ्यांचे पत्ते दिसत होते.

साइटला परवाना दिला होता काहनावाके गेमिंग कमिशनने. हे कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या मोहॉक लोकांच्या प्रदेशातलं मंडळ. त्यांनी बाहेरच्या तपासनिसांकडून चौकशी करून जानेवारी २००८ मध्ये ५ लाख डॉलर दंड केला. त्याच वर्षी जोडीची साइट अल्टिमेटबेट सापडली, तिथे हाच प्रकार कित्येक वर्षं चालला होता. तिथला दंड १५ लाख डॉलर, आणि खेळाडूंना परत करायची रक्कम सुमारे २ कोटी २० लाख डॉलरपर्यंत गेली.

आता विचार करा. त्या सर्व्हरवरचा पत्त्यांचा जोड जगातल्या कुठल्याही लॅबकडे नेला असता, तरी पास झाला असता. जोड न्याय्यच होता. फक्त तो पिसल्यानंतर एका माणसाला उघडा दिसत होता. आरएनजीच्या प्रमाणपत्रात हा प्रश्न येतच नाही. तो येतो सर्व्हरवर कुणाला काय बघायची मुभा आहे, नोंदी कोण तपासतं, कर्मचाऱ्यांना खेळायला बंदी आहे का, यात. ही पूर्ण वेगळी तपासणी असते आणि तिचा खर्चही वेगळा. तपासणीचे पैसे कोण देतं, तर बहुतेक वेळा ज्याची तपासणी व्हायची तोच. यात लगेच भ्रष्टाचार असतो असं मी म्हणत नाही, आपल्याकडे कंपन्यांचे ऑडिटरही असेच नेमले जातात. पण काय तपासायचं याची व्याप्ती त्यामुळे गिऱ्हाईक ठरवतं, एवढं लक्षात घ्या.

म्हणून रमीच्या साइटवर आरएनजीचं सील बघून जो निश्चिंत होतो, त्याला मी विचारतो, की बाबा, रमीत साइट पैसे कमावते ती प्रत्येक डावातून कापून घेतलेल्या हिश्शावर. तू हरलास काय आणि जिंकलास काय, तिचा हिस्सा ठरलेला. पत्ते चुकीचे पिसून तिला काय मिळणार? खरी भीती टेबलावर समोर कोण आहे याची. सहा जणांच्या टेबलावर तिघे एकमेकांशी फोनवर बोलत असतील तर? समोर माणूसच नसून प्रोग्रॅम खेळत असेल तर? आणि जिंकलेले पैसे काढायला गेल्यावर 'कागदपत्रं अपूर्ण' म्हणून महिनाभर अडकवले तर? यातलं काहीही त्या आरएनजीच्या कागदात नसतं. काही साइट यासाठी वेगळी तपासणी करून घ्यायच्या, पण ती वेगळीच, तिचा कागदही वेगळा.

सील खरं आहे का, हे बघायची रीत सोपी आहे. त्यावर क्लिक केल्यावर लॅबच्या स्वतःच्या वेबसाइटवरचं पान उघडायला हवं. नुसतं चित्र मोठं झालं किंवा त्याच साइटवरची पीडीएफ उघडली, तर त्याची किंमत शून्य, चित्र कुणीही चिकटवतं. लॅबच्या पानावर तुम्ही उघडलेल्या साइटचाच पत्ता आहे का, हे अक्षर न अक्षर बघा. तारीख बघा. आणि मग ते वाक्य शोधा, ज्यात काय तपासलं ते लिहिलेलं असतं. बहुतेकदा ते एकच वाक्य असतं आणि त्यात फक्त आरएनजी असतं. कॅसिनोच्या साइटवर आणखी एक भानगड असते. खेळ बनवणारी कंपनी नामांकित, प्रमाणपत्र तिचं, पण साइटवरचा खेळ त्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतच नाही, हुबेहूब नक्कल कुठल्यातरी तिसऱ्याच सर्व्हरवर चालते. रंग, आवाज, नाव सगळं तेच. तिथे प्रमाणपत्र खरं असतं आणि खेळ खोटा.

आणि कायद्याचं म्हणाल, तर लॅबचं सील हा परवाना नव्हे. केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, रमी आणि पोकर धरून, बंद ठरले. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांनी तेव्हाच पैशांचे खेळ थांबवले. आता टेलिग्रामवरून ज्या लिंक येतात, त्या बाहेरच्या देशांतल्या साइटच्या, आणि सील त्यांच्याही पानाखाली असतं. तिथे पैसे अडकले, तर मेलबर्नची लॅब तुमची तक्रार घेणार नाही, ते तिचं कामच नाही. बँकेतून पैसे गेले असतील आणि फसवणूक वाटत असेल, तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा किंवा cybercrime.gov.in वर नोंदवा. त्याआधी व्यवहाराचा क्रमांक, साइटचा पूर्ण पत्ता आणि त्या सीलचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण अशा साइट पत्ता बदलून नाहीशा होतात.

कमेंटमध्ये कुणी एखाद्या सीलचा फोटो टाकणार असाल, तर फोटोबरोबर क्लिक केल्यावर काय उघडलं तेही टाका. नुसत्या चित्रावरून मला काही सांगता येणार नाही.